मायक्रोफायबरचं फडकं धूळ उचलेनासं का होतं?

प्रश्न: वर्षभरापूर्वी मायक्रोफायबरची दहा फडकी घेतली. सुरुवातीला धूळ एका फटक्यात उचलायची, काचा लख्ख व्हायच्या. आता त्यातली सहा अगदी मऊ लागतात, पण धूळ नुसती इकडची तिकडे करतात आणि काचेवर पट्टे उठवतात. उरलेली चार खरखरीत, कडक झाली आहेत. मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबरच धुतो, सॉफ्टनर घालतो, पावसाळ्यात ड्रायर लावतो. आता फेकूनच द्यायची का?

उत्तर:

इतक्यात फेकू नका. तुम्ही नकळत अर्धं निदान करून ठेवलं आहे: सहा मऊ, चार खरखरीत. हे दोन ढीग वेगळेच ठेवा, कारण त्यांचे आजार वेगळे आहेत. मऊ झालेल्या फडक्यांवर बहुधा सॉफ्टनरचा थर बसला आहे, आणि थर काढता येतो. खरखरीत झालेल्यांना बहुधा उष्णता लागली आहे. उष्णतेने तंतूचा आकारच बदलतो, आणि तो परत आणता येत नाही. मी हॉटेलं आणि ऑफिसांच्या हाउसकीपिंगचं काम करतो. तिथे फडकी बाद करण्याआधी आम्ही पहिली विभागणी हीच करतो.

हे फडकं मुळात काम कसं करतं ते कळलं, की ते बिघडतं कसं हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

फडक्यावरचं लेबल पाहा. चांगल्या फडक्यावर बहुतेक वेळा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड असं लिहिलेलं असतं, कधी ७० आणि ३०. पॉलिअमाइड म्हणजे आपलं नायलॉन. पॉलिएस्टरचे आणि नायलॉनचे वेगवेगळे धागे एकत्र विणले आहेत असा यावरून समज होतो, पण तसं नसतं. कारखान्यात दोन्ही प्लास्टिकं वितळवून एकाच बारीक छिद्रातून बाहेर काढतात, अशा बेताने की एकाच तंतूच्या आत दोन्ही शेजारी शेजारी बसतील. हा तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर संत्र्याच्या फोडींसारखा दिसतो: एक फोड पॉलिएस्टरची, एक नायलॉनची, अशा बहुतेकदा सोळा फोडी. काही प्रकारांत नायलॉन मध्ये ताऱ्याच्या आकारात राहतं आणि त्या ताऱ्याच्या खाचांत पॉलिएस्टरच्या फोडी बसतात. ही दोन प्लास्टिकं एकमेकांना फारशी चिकटून राहत नाहीत, आणि सगळी करामत त्यावरच उभी आहे. कापड विणून झालं की त्याला गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात. सोडा पॉलिएस्टरचा पृष्ठभाग किंचित खातो, फोडी सुटतात आणि एका तंतूचे सोळा सुटे, कडा असलेले तंतू होतात. काही कारखान्यांत हेच काम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी करतात.

आता जाडीचा हिशोब. तंतूची जाडी डेनियरमध्ये मोजतात, म्हणजे ९,००० मीटर तंतूचं वजन किती ग्रॅम भरतं ते. १ डेनियरपेक्षा बारीक तो मायक्रोफायबर. फडक्यासाठी साधारण २ डेनियरचा तंतू घेतला आणि त्याच्या सोळा फोडी झाल्या, तर एका फोडीच्या वाट्याला जेमतेम ०.१२ डेनियर येतो. म्हणजे रुंदी तीन-चार मायक्रॉनच्या घरात. कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉनचा असतो, आणि माणसाचा केस त्याच्याही काही पट जाड.

बारीकपणापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पृष्ठभागाचं गणित, आणि ते शाळेतल्या भूमितीने सुटतं. गोल तंतूचा घेर त्रिज्येच्या सुमारे ६.३ पट असतो. त्याच्या सोळा फोडी केल्या की बाहेरचा घेर तेवढाच राहतो, पण प्रत्येक फोडीला दोन नव्या बाजू मिळतात आणि प्रत्येक बाजू एका त्रिज्येएवढी असते. म्हणजे बत्तीस त्रिज्यांची भर पडली. आधी ६.३, आता ३८.३. प्लास्टिक तेवढंच, वजन तेवढंच, पण धुळीला चिकटायला जागा सहा पट. शिवाय गोल तंतू धुळीच्या कणावरून घरंगळतो, तर फोडीला धार असते. ती कणाखाली शिरते, त्याला पृष्ठभागावरून खरवडून उचलते आणि शेजारच्या दोन फोडींमधल्या फटीत ढकलते.

कण तिथे अडकून का राहतो? बरेच जण एका शब्दात 'स्टॅटिक' म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकमेकांवर घासले की एकावर ऋण आणि दुसऱ्यावर धन विद्युतभार येतो, त्यामुळे कोरडं फडकं हलकी धूळ आणि केस ओढून घेतं. पण हवेत दमटपणा असला की हा भार टिकत नाही. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलै महिन्यात स्टॅटिकच्या भरवशावर राहिलात तर टीव्हीखालची धूळ तिथेच राहील. तरी त्याच हवेत, किंचित ओलं केलेलं तेच फडकं छान काम करतं, कारण तिथे दुसऱ्या दोन गोष्टी कामाला येतात. पहिली म्हणजे स्पर्श. काही मायक्रॉनच्या कणाला स्वतःच्या वजनापेक्षा समोरच्या पृष्ठभागाचं आकर्षण कितीतरी जास्त जाणवतं. भौतिकशास्त्रात याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. ते फार जवळून, प्रत्यक्ष स्पर्शातच लागू पडतं, आणि जितकी बारीक, लवचिक फोड तितका कणाशी तिचा स्पर्श जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे फटी. दोन फोडींमधल्या चिंचोळ्या जागेत पाणी आपोआप चढतं आणि येताना सुटलेली धूळ घेऊन येतं.

हे पाणी कुठे राहतं, याकडे जरा लक्ष द्या, कारण सॉफ्टनरचा सगळा मुद्दा इथेच आहे. कापूस पाणी पितो म्हणजे पाणी तंतूच्या आत शिरतं. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच पीत नाही आणि नायलॉन थोडंसंच घेतं. म्हणजे मायक्रोफायबर जे भरपूर पाणी उचलतं ते तंतूंच्या आत नसून तंतूंच्या मधल्या फटींत असतं. तेलकटपणा पॉलिएस्टरला धरतो, ओलावा थोडाफार नायलॉनला, आणि बाकी सगळं काम फटींचं. फटी उघड्या आणि तंतूंचे पृष्ठभाग स्वच्छ आहेत तोवर फडकं जिवंत आहे.

अशी गुंतागुंतीची वस्तू चपला-भांड्यांच्या दुकानात ढिगाने कशी मिळते, असं वाटेल. सगळी मिळणारी फडकी अशी नसतातच. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिबारीक तंतूंचं, कोकराच्या कातड्यासारखं लागणारं कापड केलं. ते कपड्यांसाठी आणि गाद्या-खुर्च्यांसाठी होतं, आणि त्याचा तंतू वेगळ्या रीतीने बनवलेला होता. पुसायच्या फडक्यांचं युग त्यानंतरचं. आता बाजारात शंभर टक्के पॉलिएस्टरचंही मायक्रोफायबर म्हणून विकलं जातं. ते बारीक असतं, पण साधारणपणे त्यात फोडी नसतात. आणि ८०-२० लिहिलेलं असूनही फोडी नीट न सुटलेलं फडकंही मिळतं. तपासायला सोपा उपाय असा: कोरड्या तळहातावरून फडकं हलकेच ओढा. फोडी सुटलेलं फडकं हाताच्या खडबडीत त्वचेत बारीक अडकतं, थोडं नकोसंही वाटतं. न सुटलेलं रेशमासारखं सरकतं. म्हणून दुकानात हात फिरवून 'किती मऊ आहे' म्हणत घेऊ नका. तो मऊपणा तुमच्या कामाचा नाही.

आता तुमच्या सहा मऊ फडक्यांकडे येऊ.

फॅब्रिक सॉफ्टनरमधलं मुख्य द्रव्य म्हणजे धन विद्युतभार असलेले रेणू. त्यांचं डोकं भारित असतं आणि मागे लांब स्निग्ध शेपट्या असतात. पाण्यात बहुतेक कापडांच्या तंतूंवर थोडा ऋण भार असतो, त्यामुळे हे रेणू डोक्याच्या बाजूने तंतूला जाऊन बसतात आणि स्निग्ध शेपट्या बाहेर राहतात. शर्टावर हेच हवं असतं: तंतू एकमेकांवरून सहज सरकतात, कापड मऊ लागतं, आणि स्टॅटिकही जातं, कारण या थरामुळे विद्युतभार साचत नाही. फडक्यावर मात्र यातली एकही गोष्ट आपल्याला परवडत नाही. स्टॅटिक गेलं. धारांवर वंगण बसलं, त्या कणाखाली शिरायच्या ऐवजी त्याच्यावरून घसरायला लागल्या. फटींच्या भिंती स्निग्ध झाल्या, पाणी आत चढेना. आणि तो स्निग्ध थर पुसताना थोडा थोडा काचेवर उतरतो, तेच तुमचे पट्टे. काच मळलेली नसते, फडकंच तिच्यावर चोपडत असतं.

कापसाच्या टॉवेललाही सॉफ्टनरने पाणी कमी टिपता येतं, पण त्याला तंतूच्या आत जागा असल्यामुळे तो बरेच दिवस तग धरतो. मायक्रोफायबरकडे पृष्ठभाग आणि फटी एवढंच भांडवल आहे, आणि सॉफ्टनर नेमका तिथेच बसतो. त्यात पृष्ठभाग सहा पट, म्हणजे थर धरायलाही जागा तितकीच जास्त.

खात्री करून घ्यायची असेल तर पूर्ण वाळलेलं फडकं ओट्यावर पसरा आणि त्यावर एक थेंब पाणी सोडा. निरोगी फडक्यात थेंब टेकताच पसरून नाहीसा होतो. थराच्या फडक्यावर तो मण्यासारखा उभा राहतो, कधी अर्धा मिनिटसुद्धा. तुमची सहा फडकी सुरुवातीला नीट काम करत होती असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून मी थराकडे बोट दाखवतो. नव्याच फडक्यावर थेंब उभा राहिला असता तर मी म्हटलं असतं, फोडी सुटलेल्याच नाहीत.

धुण्याआधी मशीनकडे बघा. सॉफ्टनरचा कप्पा बाहेर काढून गरम पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासून घ्या, कारण त्याच्या नळीत चिकट अवशेष साठलेला असतो आणि तुम्ही सॉफ्टनर घातला नाही तरी तो पाण्याबरोबर येतो. मग एक गरम धुणं रिकामंच चालवा. काही लिक्विड डिटर्जंटमध्येच कंडिशनर मिसळलेला असतो, डबीवर 'टू इन वन' किंवा मऊपणाची जाहिरात असते. तसलं चालणार नाही.

नंतर फक्त ती सहा फडकी मशीनमध्ये टाका, दुसरं काही नाही. साधं लिक्विड डिटर्जंट मध्यम भरलेल्या मशीनला जितकं घालता तितकं घाला. सहा फडक्यांसाठी ते जास्त आहे, पण इथे जास्तच हवं. डिटर्जंटच्या रेणूंवर ऋण भार असतो, सॉफ्टनरच्या रेणूंवर धन. दोघे आधी एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात न विरघळणारा मेणचट पदार्थ तयार होतो. डिटर्जंट पुरेसं असेल तर तोही सुटून वाहून जातो, तुटपुंजं असेल तर परत फडक्यावरच बसतो. धुण्याचं पाणी किंचित गढूळ दिसलं तर ते यामुळे. पावडर टाळा. थंड पाण्यात ती पूर्ण विरघळत नाही आणि तिचे कण याच फटींत जाऊन बसतात.

लेबलवर परवानगी असेल तर पाणी ६० अंशांवर ठेवा, नसेल तर ४०. उष्णता वाईट म्हणालो आणि ६० अंश सांगतो, हे विचित्र वाटेल. पाण्यातले ६० अंश आणि कोरडे ६० अंश यांत फरक आहे, तो पुढे येईलच. शेवटी एक जास्तीचं खळबळणं लावा. धुऊन झाल्यावर एक फडकं स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळून पाहा. फेस आला तर डिटर्जंट उरलं आहे, पुन्हा खळबळा. तोही थरच, आणि काचेवर तोही उमटतो. मग दोरीवर सावलीत वाळवा आणि थेंबाची परीक्षा पुन्हा घ्या. थेंब एक-दोन सेकंदांत गेला तर काम झालं. रेंगाळला तर सगळं पुन्हा एकदा. आमच्याकडे बहुतेक फडकी दुसऱ्या धुण्यात वळणावर येतात. तिसऱ्यानंतरही थेंब उभाच राहिला, तर मी त्या फडक्यावर आणखी पाणी घालवत नाही.

मशीन नको असेल तर बादलीत पाच लिटर कोमट पाणी, दोन चमचे लिक्विड, अर्धा तास भिजवणं, मग हाताने दाबत दाबत पिळणं. ब्रशने घासू नका आणि धोपटूही नका. पाणी नितळ येईपर्यंत खळबळा.

मधेच एक सांगतो. घरात फरशी पांढऱ्या फिनाइलने पुसत असाल आणि त्याच बादलीत ही फडकी बुडवत असाल, तर तोही तेलकट थर बसवायचाच प्रकार आहे. फिनाइलला साधं सुती पोतेरं ठेवा.

आता चार खरखरीत फडकी. यांना लगेच 'भाजली' म्हणू नका. कडकपणाचं दुसरं एक कारण आपल्याकडे फार आढळतं, ते म्हणजे बोअरवेलचं जड पाणी. पाण्यातले क्षार वाळताना फटींत बसतात आणि फडकं पापडासारखं होतं. दोन्हींतला फरक कळायला पाच लिटर पाण्यात १०० मिली साधं पांढरं व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास फडकी बुडवा, स्वच्छ खळबळा, वाळवा. कडकपणा गेला तर ते क्षार होते, फडकं वाचलं. व्हिनेगरबरोबर चुकूनही ब्लीच वापरू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि व्हिनेगरने सॉफ्टनरचा थरही निघतो असं बरेच जण सांगतात, पण ते काम डिटर्जंटचं आहे. व्हिनेगर क्षारांवर चालतं.

व्हिनेगरनंतरही खरखर राहिली तर मात्र ड्रायरकडे संशय वळतो.

लोक म्हणतात ड्रायरमध्ये मायक्रोफायबर वितळतं. शब्दशः तसं होत नाही. फडक्यातलं नायलॉन साधारण २२० अंशांना वितळतं, पॉलिएस्टर त्याच्याही पुढे, २५५-२६० च्या आसपास. घरचा ड्रायर तिथवर जात नाही. पण वितळण्याच्या खूप आधी या प्लास्टिकांत एक टप्पा येतो, जिथे ते काचेसारखं ताठ राहायचं सोडून लवचिक, घडवता येण्याजोगं होतं. कोरड्या नायलॉनला हा टप्पा ५० अंशांच्या आसपास येतो, पॉलिएस्टरला ७० ते ८० दरम्यान. त्या तापमानाला तंतू ज्या आकारात दाबला जाईल तो आकार थंड होताना कायम होतो. पॉलिएस्टरच्या पँटला कायमची घडी बसते ती याच गुणामुळे. ड्रायरमध्ये फडकं गोल गोल आपटत असतं, तंतूंची टोकं वाकलेली, एकमेकांत गुंतलेली असतात. तशाच अवस्थेत ती थंड झाली की उभी लव आडवी होते, फटी मिटतात आणि आधी कणाखाली शिरणारी टोकं आकडे बनून बसतात. हाताला लागते ती खरखर त्यांचीच.

तापमान किती चढतं हे ड्रायरच्या बटणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा तुम्ही बरोबर काय वाळवता यावर जास्त अवलंबून असतं. कापडात पाणी आहे तोवर सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि कापड त्या मानाने थंड राहतं. पाणी संपलं की त्याचं तापमान थेट गरम हवेच्या तापमानाकडे चढतं. मायक्रोफायबरमधलं पाणी फटींत असल्याने पिळणीतच बरंच निघून जातं आणि उरलेलं झटकन उडतं. जाड सुती टॉवेल मात्र तंतूंच्या आत पाणी धरून बसतो. दोन्ही एकत्र ड्रायरमध्ये टाकले की टॉवेल वाळेपर्यंत फडकी कितीतरी वेळ कोरडीच भाजत राहतात. 'बाकीच्या कपड्यांबरोबरच' असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबलो तो यासाठी. धुण्याच्या पाण्यातले ६० अंश मात्र ६०च राहतात, त्याच्या पुढे जात नाहीत, आणि तंतू पाण्यात सुटे तरंगत असतात, दाबले जात नाहीत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तर याहून गरम पाण्यात मायक्रोफायबर धुतात. तिथे जंतू मारणं पहिलं आणि फडकं लवकर बाद होणं हे धरूनच चाललेलं असतं.

एकत्र धुण्याचं आणखी एक नुकसान आहे. टॉवेलमधून सुटणारं सुती बारीक लिंट मायक्रोफायबर धुळीइतक्याच आवडीने धरतं. मग तेच लिंट तुमच्या काचेवर पांढरं पांढरं उतरतं.

ड्रायरपेक्षा वाईट म्हणजे इस्त्री. घरकामाला येणाऱ्या मावशी किंवा इस्त्रीवाले काका कधी नीटनेटकेपणा म्हणून फडक्यांच्या घड्या घालून इस्त्री फिरवतात. इस्त्रीच्या तीन ठिपक्यांची खूण म्हणजे सुमारे २०० अंश, नायलॉनच्या वितळण्याच्या अगदी दारात. कोळशाच्या इस्त्रीला तर तापमान धरायची सोयच नसते. तिथे लव नुसती वाकत नाही, चपटी होऊन चिकटते आणि कापडावर चकचकीत पट्टा दिसतो. स्वयंपाकघरातही हे घडतं: गरम तवा उचलायला, शेगडीची तापलेली जाळी पुसायला जे हाताला लागेल ते फडकं घेतलं जातं. अशा फडक्याची टोकं खरोखर वितळतात. फोनच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून पाहिलंत तर टोकांवर बारीक चमकणारे गोळे दिसतात. ते प्लास्टिकचे टणक मणी असतात. तुमच्या चारपैकी एखाद्यावर असे मणी किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते फडकं चष्मा, टीव्हीचा पडदा, गाडीचा रंग यांच्याजवळ नेऊ नका. ओरखडे उठतात.

उष्णतेच्या जोडीला रसायनंही नेमकी एकेका फोडीवर वार करतात. पॉलिएस्टरचं वैर अल्कलीशी. कारखान्यात सोड्याने फोडी सोडवतात ते आपण पाहिलंच. म्हणून फडकी सोडा घालून भट्टीवर उकळत ठेवणं म्हणजे तीच क्रिया पुढे चालवून पॉलिएस्टर हळूहळू झिजवणं. नायलॉनचं वैर आम्लाशी आणि क्लोरीनशी. संडास साफ करायच्या आम्लात किंवा ब्लीचमध्ये भिजलेलं फडकं पिवळं पडतं, पिळताना त्याचे बारीक तुकडे हाताला लागतात. व्हिनेगरचं वर सांगितलेलं प्रमाण यात येत नाही, ते फारच सौम्य आहे.

पुढचं धुणं कसं करावं याचा बाऊ करायची गरज नाही. ही फडकी वेगळ्या जाळीच्या पिशवीत गोळा करा आणि त्यांचं त्यांचं धुणं लावा, ४० अंश पाणी, थोडं लिक्विड, सॉफ्टनरचा कप्पा रिकामा. आदल्या धुण्यात इतर कपड्यांना सॉफ्टनर वापरला असेल तर फडक्यांना जास्तीचं एक खळबळणं द्या. कडक उन्हाने नायलॉन पिवळं पडून ठिसूळ होतं, म्हणून गच्चीच्या तापल्या कठड्यावर नको, सावलीतली दोरी पुरे. पिळून काढलेलं फडकं पावसाळ्यातही पंख्याखाली रातोरात वाळतं, त्याला ड्रायर लागतच नाही. लावायचाच तर उष्णता बंद करून नुसत्या हवेवर, आणि टॉवेलांशिवाय.

वापरतानाही फार ओलं करू नका. धुळीला कोरडं किंवा पाण्याचे दोन-चार फवारे मारलेलं फडकं, काचेला पिळून घेतलेलं. फटी आधीच पाण्याने भरल्या असतील तर धुळीला जागा कुठून मिळणार? फडक्याची चौपदरी घडी घाला आणि एक बाजू मळली की उलटा. फडक्याची पकड पक्की असते, त्यामुळे त्यात अडकलेला वाळूचा कणही सुटत नाही, पुढच्या वस्तूवर घासत जातो. खाली फरशीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय चष्म्याला लावू नये ते यासाठी.

तुमच्या हिशोबात सहा मऊ फडकी दोन धुण्यांत परत कामाला लागतील असा माझा अंदाज आहे. चारांपैकी व्हिनेगरने नरम होतील ती ठेवा. उरलेल्यांच्या कोपऱ्याला कात्रीने एक कट द्या, म्हणजे ती चांगल्यांत मिसळणार नाहीत, आणि सायकलची साखळी, खिडकीच्या ग्रिलचा गंज, चपलांचे तळ यांना ती वापरा.